मदत हवी आहे: वर्षाचे पैसे सप्टेंबरातच आले, दर महिन्याला उत्पन्न किती दाखवायचं?

पर्वरीची_पोर

नमस्कार मंडळी. मी पर्वरीतल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत हिशेब बघते. आमचं सॉफ्टवेअर गेस्ट हाऊस आणि होमस्टेवाल्यांसाठी आहे: खोल्यांचं बुकिंग, बिलं, किचनच्या पावत्या वगैरे. चवथ आटोपली की सीझनआधी वर्षाचे पैसे गोळा करतो. 2024 ला 20 सप्टेंबरला 40 गिऱ्हाइकांची बिलं काढली, प्रत्येकी 24,000 अधिक 18 टक्के जीएसटी 4,320, म्हणजे 28,320. पैसे लगेच जमा झाले. लॉगिन 1 ऑक्टोबरपासून सुरू. शिवाय ऑफर होती, 12 महिन्यांच्या पैशात 14 महिने, म्हणजे 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत.

आमचे शेठ म्हणतात, पैसे आले, बिल फाडलं, म्हणजे सप्टेंबरची विक्री 9 लाख 60 हजार. मी तसं दाखवलं तर सप्टेंबरात दणदणीत नफा आणि पुढे पगार देत देत रोज तोटा. सीए म्हणतात महिन्यावारी घ्या. मग आकडा कसा काढायचा? आणि जीएसटी रिटर्नमध्ये 9.6 लाख दिसणार, नफा-तोट्यात त्याहून कमी, ते कसं जुळवायचं?

म्हापशाचा_मुनीम

24,000 भागिले 12, महिन्याला 2,000. टॅलीत दर महिन्याला जर्नल टाका. एवढ्यासाठी धागा कशाला?

दोन_खोल्या_पेडणे

ताई, माझा दोन खोल्यांचा होमस्टे आहे, मीही असंच सॉफ्टवेअर घेतलंय. वर्षाचे पैसे भरले ते आमच्याकडे सगळे एकदम खर्चात टाकले. बरोबर ना? खरं सांगायचं तर पावसात चार महिने ते उघडतसुद्धा नाही, पैसे फुकटच जातात.

पर्वरीची_पोर

दादा, तुम्ही दुसऱ्या बाजूचं विचारताय, मी विकणाऱ्याच्या बाजूने. पण पावसाळ्याचा मुद्दा आमच्याकडेही निघाला. शेठ म्हणतात, उत्पन्न सीझनच्या महिन्यांतच वाटू, पावसात गिऱ्हाईक वापरतच नाही.

जुना_ताळेबंद

मुनीमबाब, 12 ने भागायचं असतं तर प्रश्नच नव्हता. विकलेत 14 महिने, तर भागणार 14 ने. 24,000 भागिले 14 म्हणजे 1,714.29. पैसे 20 सप्टेंबरला आले तरी सेवा 1 ऑक्टोबरला सुरू झाली, त्यामुळे सप्टेंबरचं उत्पन्न शून्य. शेठना हे पचायला जड जाईल, पण बँकेत पैसा आहे आणि ताळेबंदात तेवढंच देणं आहे. त्या दिवशी कंपनी गिऱ्हाइकाला 14 महिने सेवा देणं लागते.

31 मार्च 2025 ला सहा महिने झाले. एका गिऱ्हाइकाचे 10,285.74 उत्पन्नात, 13,714.26 देणी म्हणून शिल्लक. चाळीसांचे मिळून साधारण 4,11,430 उत्पन्न आणि 5,48,570 देणं. 12 ने भागलंत तर मार्चअखेर उत्पन्न 4,80,000 दिसेल, म्हणजे 68,570 जास्त. फटका मात्र पुढे बसतो. सप्टेंबर 2025 ला सगळं उत्पन्न संपतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात फोनवर सपोर्ट देताय, सर्व्हरचं भाडं भरताय, पण या गिऱ्हाइकांकडून उत्पन्न शून्य.

पैशांतली गोळाबेरीज शेवटच्या महिन्यात करा. 13 महिने 1,714.29 आणि शेवटचा 1,714.23.

जुना_ताळेबंद

पावसाचं वेगळं सांगतो. जिममध्ये कोणी गेला नाही म्हणून जिमवाला फी परत करत नाही, कारण दार उघडं होतं. तुमचं लॉगिन चालू आहे, डेटा जपताय, फोन आला तर उचलताय. सेवा रोज सारखीच दिली जाते, गिऱ्हाइकाने वापरली की नाही हा त्याचा प्रश्न. म्हणून पावसाचे महिनेही सारखेच.

अपवाद एकच. करारातच जून ते सप्टेंबर लॉगिन बंद ठेवून मुदत पुढे सरकवली असेल तर त्या महिन्यांत उत्पन्न घ्यायचं नाही. 31 मे ला आठ महिने झाले, 10,285.68 उरले. ते ऑक्टोबर 2025 ते मार्च 2026 या सहा महिन्यांत येतील. अशी गिऱ्हाइकं वेगळी ठेवा, नाहीतर यादी बिघडते.

म्हापशाचा_मुनीम

14 महिने वाचलेच नव्हते मी, मान्य. पण जीएसटीसुद्धा महिन्यावारी भरता येतो का मग? पैसे वाचतील.

जुना_ताळेबंद

नाही. सेवेला बिल किंवा पैसे, जे आधी असेल तेव्हा जीएसटी लागतो. 4,320 सप्टेंबरच्याच रिटर्नमध्ये पूर्ण. आणि तो उत्पन्नाच्या वाटणीत आणायचाच नाही, तो सरकारचा पैसा. मी पाहिलेत असे हिशेब, जिथे 28,320 च भागलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे: आगाऊ खात्याची शिल्लक गिऱ्हाइकवार यादीपेक्षा नेमकी 18 टक्के जास्त निघते.

टॅलीत बिल नेहमीसारखं सेल्समध्येच टाका, म्हणजे जीएसटीचे रिपोर्ट बिघडत नाहीत. मग त्याच तारखेला एका जर्नलने ते 9,60,000 सेल्समधून नावे टाकून 'आगाऊ सबस्क्रिप्शन' या चालू देण्याच्या खात्यात जमा करा. त्यानंतर दर महिन्याला एकच नोंद, आगाऊ सबस्क्रिप्शन नावे, सबस्क्रिप्शन उत्पन्न जमा, 68,571.60, फक्त शेवटच्या महिन्यात 68,569.20. चाळीस नोंदी नकोत, खालची एक्सेल यादी जोडून ठेवा. यादीत गिऱ्हाईक, सुरुवात, महिने, रक्कम, झालेले महिने, शिल्लक. शिल्लकेचं सूत्र:

```
=D2-ROUND(D2/C2,2)*MIN(E2,C2-1)-IF(E2>=C2,D2-ROUND(D2/C2,2)*(C2-1),0)
```

C महिने, D रक्कम, E झालेले महिने. या स्तंभाची बेरीज आणि टॅलीतलं आगाऊ खातं दर महिनाअखेर पैशापर्यंत जुळलंच पाहिजे. मुदत संपलेल्याच्या पुढे शिल्लक दिसली किंवा उणे आकडा आला की त्याच दिवशी थांबा.

सीएंना जुळवणी अशी दाखवा: वर्षात काढलेली बिलं, अधिक सुरुवातीचं आगाऊ, वजा अखेरचं आगाऊ, म्हणजे उत्पन्न. तुमच्याकडे या बिलांपुरतं 9,60,000 वजा 5,48,570. जीएसटीचा आकडा आणि नफा-तोट्याचा आकडा दोन्ही बरोबर आहेत, मध्ये हे खातं आहे.

दोन_खोल्या_पेडणे

मग माझा खर्चही तसाच विभागायला हवा ना! समजलं. मार्चनंतरचे महिने आगाऊ खर्चात. आमचा सीए म्हणतो रक्कम छोटी आहे, राहू द्या.

पर्वरीची_पोर

खूप आभार. शेठना ऑक्टोबर-नोव्हेंबरचं शून्य दाखवलं तेव्हा कुठे 14 चं पटलं. एक राहिलंच. त्या 24,000 मध्ये पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही जुना डेटा चढवून देतो आणि त्याच्या माणसांना दोन दिवस शिकवतो. ते काम ऑक्टोबरातच संपतं. तेवढा भाग आधी घेता येईल का?

म्हापशाचा_मुनीम

काम झालं म्हणजे घ्या, सरळ.

जुना_ताळेबंद

इतकं सरळ नाही. ते शिकवणं तुम्ही सॉफ्टवेअरशिवाय कोणाला विकता का? डेटा चढवणं तर तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय निरर्थकच. तो भाग मी 14 महिन्यांतच ठेवीन.

पर्वरीची_पोर

माणसं बदलली की काही जण परत शिकवायला बोलावतात, तेव्हा आम्ही वेगळं बिल करतो, 3,000 अधिक जीएसटी.

जुना_ताळेबंद

मग शिकवण्याला स्वतंत्र किंमत आहे असं म्हणता येईल, आणि तेवढा भाग ऑक्टोबरात घेण्याची बाजू मांडता येईल. पण मग भागायला 24,000 नाही, उरलेली रक्कम. सगळं करायचं तर सगळ्या नव्या गिऱ्हाइकांना एकाच पद्धतीने, आणि मार्चच्या आत सीएंची लेखी संमती. मी स्वतः असतो तर 3,000 साठी हा वाद ओढवून घेतला नसता, पण दुसऱ्या सीएचं मत वेगळं असू शकतं.