मदत हवी आहे: जुन्या बोगद्याच्या लायनिंगचा रिपोर्ट, प्रायॉरिटी उलटी लागलीये का?

रुळावरचा
विटांच्या लायनिंगचा जुना रेल्वे बोगदा आहे, त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट हातात आलाय आणि एका २० मीटरच्या पट्ट्यावर माझं डोकं अडकलंय. माथ्यावरून पाणी टपकतंय, ते पहिल्या नंबरला, इंजेक्शन मारून बंद करा म्हणे. त्याच पट्ट्यात कमान जिथे भिंतीकडे वळते तिथे बोगद्याच्या लांबीत गेलेला ६ मीटरचा तडा, रुंदी २ मिमी, कोरडा, तो तिसऱ्या नंबरला, 'नजर ठेवा'. पण मी स्वतः हातोडी मारून बघितली तर तड्याच्या वर पोकळ आवाज येतो आणि बोट फिरवलं की एक कड दुसरीपेक्षा ३ मिमी पुढे आलेली लागते. रिपोर्टात या कडेबद्दल एक अक्षर नाही.

सिमेंटवाला
तडा म्हणजे तडा, इपॉक्सी भरून टाका, विषय संपला.

हातोडी_मास्तर
इपॉक्सीने कडा चिकटतील, मागची पोकळी तशीच राहील. आडवा, कमानीभर फिरणारा तडा असता तर मी एवढा घाबरलो नसतो, लांबीतला आणि त्यात पायरी पडलेली म्हणजे कमान सरकतीये असं धरून चाला. पोकळ आवाजाची कारणं दोन, एकतर विटांचे थर एकमेकांपासून सुटलेत नाहीतर लायनिंगमागे डोंगर आणि वीट यात जागा झालीये. हातोडीला दोन्ही सारखेच वाजतात. ब्लॉक मिळाला की बारीक भोक पाडून आत कॅमेरा घाला, तोवर तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा, तडकली की हालचाल चालू आहे.

गळकी_टाकी
आमच्या तळघरातपण असंच पाझरायचं, आतून वॉटरप्रूफिंग केलं, पावसाळाभर छान, मग शेजारची भिंत ओली!!

हातोडी_मास्तर
@गळकी_टाकी विषय वेगळा पण मुद्दा तोच. माथा बंद केला की पाणी जात नाही, मागे साठून दाब वाढवतं आणि नेमकं या कमजोर जागेवर येतं. आधी खालच्या बाजूला पाणी निघायची भोकं पाडा, चुना साचून बुजलेली जुनी असतील तर ती मोकळी करा, मग पोकळी असेल तर खालून वर कमी दाबाने ग्राउट. दाब जास्त झाला तर सुटलेल्या विटा आत ढकलल्या जातील. आणि ग्राउट भोकांतून बाहेर येतंय का बघायला एक माणूस उभा करा, नाहीतर निचराच बंद.

रुळावरचा
म्हणजे माथ्याचं पाणी तिसऱ्या नंबरला टाकू?

ओएचई_दादा
थांबा, पाणी तारेवर किंवा इन्सुलेटरवर पडतंय का? लाइन इलेक्ट्रिक असेल तर त्यांनी म्हणूनच ते पहिलं ठेवलं असेल.

रुळावरचा
हो की, तार आहे, आणि थेंब तिच्या जवळच पडतात. हे लक्षातच नाही आलं.

हातोडी_मास्तर
मग खाली पत्र्याची पन्हळ लावून पाणी बाजूला घ्या, तारेपासूनचं अंतर तपासून. बंद नका करू. पायरीचं मात्र आजच लेखी कळवा, फोटोत पट्टी धरून.

सिमेंटवाला
पन्हळ किती दिवस टिकणार?

रुळावरचा
तेच वरचे विचारणार. ब्लॉक पुढच्या आठवड्यात मागितलाय, कॅमेऱ्यात काय दिसतं ते टाकतो.