शेतीशाळेत शेतकऱ्याला सांगायचं की विचारायचं?

कृषीताई (घाटंजी): आमच्या गावात कपाशीची शेतीशाळा आहे, विषय गुलाबी बोंडअळी. आधीच्या प्रशिक्षणात पडद्यावर चित्रं दाखवून सगळं सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या अन् फवारणी जुन्याच हिशोबाने केली. आता वरिष्ठ म्हणतात, मोठ्या माणसांना सांगू नका, विचारा. नुसतं विचारून नवी माहिती पोचेल का?

काळी माती: मी कृषी खात्यात पर्यवेक्षक होतो, म्हणून लिहितो. ताई, बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. त्यानंतर कैक वर्षं बोंडअळीसाठी पंप काढावा लागला नाही. 'बीटी आहे म्हणजे अळी नाही' हे शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात पाहिलंय. २०१७ ला विदर्भात हीच अळी बीटीवर पोसली, तरी जुना अनुभव मनातून निघत नाही. चित्र दाखवलं की तो म्हणतो, असेल दुसऱ्याच्या शेतात.

वर ही अळी लपणारी. लहानपणीच बोंडात शिरते, मागे छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. म्हणून प्रत्येकाला आपल्याच वावरातून, वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं आणायला सांगा. कागदावर ठेवून ज्याची त्यानेच चिरायची. तुम्ही बोलू नका. वीसपैकी दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, फवारणीची वेळ आली. मग एवढंच विचारा, 'बाहेरून ओळखू येत होतं का?'

कामगंध सापळ्याचं मात्र सरळ सांगा. एकरी दोन सापळे, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय करायचा. हा आठचा आकडा कितीही प्रश्न विचारले तरी कोणाच्या अनुभवातून निघणार नाही.

प्रशिक्षक वर्धा: अगदी बरोबर, मोठ्यांना शिकवण्याची पद्धत म्हणजे अँड्रागॉजी, ती हीच. माल्कम नोल्स यांनी हेच मांडलं. मुलं कोरी पाटी, त्यांना सांगावं लागतं. मोठ्यांकडे अनुभव असतो. त्यामुळे मोठ्यांच्या वर्गात व्याख्यान बंदच करावं.

गुरुजी: कोरी पाटी म्हणू नका हो. माझ्या वर्गातलं चौथीचं पोरगं अळी लागून मिटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, ओळखतं. नोल्स यांनीही १९७०च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात मुलांना आणि मोठ्यांना शिकवण्याच्या पद्धती एकमेकींविरुद्ध ठेवल्या होत्या, १९८०च्या आवृत्तीत 'एकीकडून दुसरीकडे' असं केलं. म्हणजे शिकणारा त्या विषयात कुठे उभा आहे ते पाहायचं. मला खरा फरक वेगळा दिसतो. माझ्या विद्यार्थ्याला कंटाळा आला तरी तो बसून राहतो, शेतकरी उठून जातो. आणि त्याला आजचं शिकलेलं याच आठवड्यात कामी यायला हवं.

सखी (बचत गट): आमच्याकडे शेतीचं नाही, हिशोबाचं प्रशिक्षण होतं. ते भर निंदणात सकाळी अकराला ठेवलेलं, बाया येणार कशा? फळ्यावर कुठल्या तरी खोट्या गटाचं उदाहरण होतं. सुनेला व्याज काढायला सांगितलं, शेजारी सासू बसलेली. चुकलो तर काय म्हणतील म्हणून ती गप्प राहिली. शाळेतलं पोरगं चुकलं तर चुकलं, आमचं गावभर होते. नंतर आम्ही आमचंच रजिस्टर काढलं अन् दोघी-दोघींनी ताळा जुळवला, तेव्हा सगळ्या बोलल्या. ताई, बोंडं चिरताना कोणाच्या बोंडात किती अळ्या निघाल्या ते नाव घेऊन सांगू नका.

वावरवाला: अनुभवाचं एवढं कौतुक नको. आमचे काका म्हणतात, वीस वर्षं तोंडाला फडकं न बांधता फवारतो, काही झालं नाही. २०१७ लाच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तिथेही 'तुम्हाला काय वाटतं' विचारत बसायचं का? दम देऊन सांगा.

काळी माती: जिवाशी खेळ असेल तिथे आधी स्पष्ट सांगायचंच, यात वाद नाही. पण दम दिलेला माणूस तुमच्या समोर फडकं बांधतो अन् वावरात सोडतो. पंपात औषधाऐवजी पाणी अन् लाल रंग घाला, पांढरा सदरा-पायजमा घालून कपाशीच्या दोन ओळी फवारायला लावा. पाठीवर, मांड्यांवर रंग कुठे-कुठे बसला ते काकांनाच दाखवा. विष कातडीतून आत जातं हे रंग दाखवू शकत नाही, ते सांगावंच लागेल. पण अंगावर किती बसतं याचा वाद तिथेच संपतो.

प्रशिक्षक वर्धा: तरीही मी व्याख्यानाच्या विरोधातच आहे. एकदा बोलायला लागलो की आपण थांबत नाही.

कृषीताई (घाटंजी): वीस बोंडांचं या आठवड्यातच करते, तेही सकाळी सातला. पण रंगाच्या प्रयोगात एक अडचण आहे. आमच्याकडे पंप पाठीवर घेतो तो मजूर, आणि शेतीशाळेच्या यादीत नाव असतं मालकाचं. मजुराची रोजी बुडवून त्याला बोलवायचं कसं? कोणी केलंय का हे?

वावरवाला: आमच्याकडे तरी नाही.