भेगाळलेल्या टाचा आणि सतत धुतले जाणारे हात: युरिया, ग्लिसरीन की शिया? अनुभव लिहा

मृण्मयी
माझ्या दोन्ही टाचांना भेगा पडल्या होत्या, म्हणून मी २५ टक्के युरियाचे क्रीम आणले. रोज रात्री लावल्यावर दहा-बारा दिवसांत टाचेच्या कडेची पिवळसर, जाड कातडी मऊ झाली. त्या भरवशावर तेच क्रीम मी हातांनाही लावले. घरात आजारी माणूस असल्यामुळे मला दिवसातून वीस-पंचवीस वेळा हात धुवावे लागतात आणि बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडलेल्या असतात. क्रीम लागताच हात असे चुरचुरले की मला ते लगेच धुवून टाकावे लागले, आणि दुसऱ्या दिवशीही बोटांच्या पाठी लालच होत्या. टाचांना मानवलेले क्रीम हातांना का सोसले नाही? कोणी काय वापरले आणि काय बिघडले, ते सविस्तर लिहावे.

शुभांगी
मृण्मयी, मी रुग्णसेवेत आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचा आहे. युरियाचे काम त्याच्या प्रमाणानुसार बदलते. पाच-दहा टक्क्यांपर्यंत तो प्रामुख्याने त्वचेत पाणी धरून ठेवतो. वीस टक्क्यांच्या पुढे गेला की घट्ट झालेली मृत कातडी सैल करू लागतो. टाचेवर तशी कातडी जाड असते, म्हणून तिथे त्याचा उपयोग होतो. हातांच्या पाठीवर सैल करण्याजोगे काही नसतेच, उलट साबणाने तिथले संरक्षण आधीच गेलेले असते, आणि उघड्या चिरेत तर कमी प्रमाणाचा युरियाही झोंबतो. तुझ्या हातांना सध्या ग्लिसरीन असलेले, सुगंध नसलेले क्रीम लाव. हात धुतल्यावर टिपून घे आणि ओलसर असतानाच ते लाव. चिरा भरून आल्यावर पाच टक्के युरिया एका बोटावर लावून पाहा.

वसंतराव
इतका खर्च कशाला? साधे ग्लिसरीन घ्यावे आणि हातापायांना चोळावे. ते हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे दुसऱ्या कशाची गरजच पडत नाही. मी अनेक वर्षे हेच करतो.

शुभांगी
वसंतकाका, ग्लिसरीन पाणी ओढते हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु हवा फार कोरडी असेल तर ते पाणी हवेतून मिळत नाही, मग निव्वळ ग्लिसरीन त्वचेच्या आतल्या थरांतूनच पाणी वर ओढू शकते. म्हणून त्यात थोडे पाणी मिसळून ओल्या त्वचेवर लावावे आणि वरून काहीतरी स्निग्ध लावून ती ओल कोंडावी.

वसंतराव
माझी त्वचा तर कधी कोरडी पडली नाही. तरी पाणी मिसळून पाहतो.

अनघा
ते स्निग्ध म्हणजे माझ्यासाठी शिया बटर. मात्र मी आधी चुकले होते. कोरड्या टाचांवर मी शियाचा जाड थर द्यायचे, सकाळी टाच तेलकट दिसायची आणि भेग जशीच्या तशी असायची. शिया ओल बाहेर जाऊ देत नाही, पण ओल आणत नाही, हे उशिरा कळले. आता दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवते, वजरीने अगदी हलके घासते, पाय टिपून युरिया लावते, तो मुरला की वरून शिया, आणि मग सुती मोजे घालून झोपते. भेगेतून रक्त येत असेल त्या दिवशी घासणे आणि युरिया दोन्ही टाळते आणि नुसती पेट्रोलियम जेली लावते. सर्वांत खोल भेग बुजायला मला तीन आठवडे लागले.

दिनेश
माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तो इथे बसतो की नाही ठाऊक नाही. माझी फक्त उजवी टाच फुटते, तळव्याच्या रेषांमध्ये पिठासारखा पांढरा कोंडा दिसतो आणि बोटांच्या बेचक्यांत खाज येते. युरिया दीड महिना लावला, फरक नाही. शिया चांगले की ग्लिसरीन?

शुभांगी
दिनेश, तुमच्या वर्णनावरून बुरशीचा संसर्ग असण्याची शंका येते. एकाच पायाला असणे आणि रेषांत कोंडा साचणे ही त्याची नेहमीची खूण आहे. तसे असेल तर यातले कोणतेच क्रीम त्यावर उपाय नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना कोंडा तपासायला सांगा. आणि मधुमेह असेल तर टाच घासणेही त्यांना विचारल्याशिवाय करू नका. पायाची संवेदना कमी झाली असेल तर झालेली जखम कळतच नाही.

मृण्मयी
आठ दिवसांनी लिहीत आहे. ग्लिसरीनच्या क्रीमने हातांची आग थांबली आणि लाली गेली. रात्री वरून शिया लावून सुती हातमोजे घालते. अंगठ्याच्या टोकाची चीर मात्र भरते आणि भांडी घासली की पुन्हा उघडते. रबरी हातमोज्यांत घाम येऊन ती अधिकच भिजते. आतून सुती मोजा घालून कोणी पाहिला आहे का?