घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, जेवण मात्र नीट जातं. मदत हवी आहे

सायली_४२: अडीच महिने झाले, गळ्याच्या खळगीच्या वर मधोमध सुपारीएवढा गोळा अडकल्यासारखा वाटतो. ज्वारीची भाकरी, भात, पाणी, सगळं विनासायास उतरतं, उलट जेवताना गोळा जाणवतच नाही. रात्री निजानीज झाली की सारखा आवंढा गिळते. दुखत नाही, वजन तेवढंच आहे.

कान-नाक-घसा डॉक्टरांनी मान चाचपली, नाकातून बारीक दुर्बीण घालून "ईऽऽ म्हणा" करत स्वरयंत्र बघितलं. म्हणाले, "ग्लोबस आहे, काळजी नको." दोन मिनिटांत! माझे काका अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. दुर्बीण पोटापर्यंत गेलीच नाही, मग हे एवढे निर्धास्त कसे? सीटी स्कॅनचा आग्रह धरू का?

माळावरचा: ॲसिडिटी आहे, दुसरं काही नाही. मी महिनाभर सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतली, गेलं.

कोकणकन्या: माझ्या घशात बांगड्याचा काटा अडकला होता तेव्हा अगदी असंच. केळं खाऊन बघा.

घसाघशीत (मी ईएनटीत काम करते): कोकणकन्या, काटा टोचतो आणि गिळताना जास्त दुखतो, सायलीताईंचं तर जेवताना थांबतं. निदान याच फरकावर उभं आहे. अन्ननलिकेत गाठ असेल तर आधी भाकरी-पोळी अडकू लागते, मग पातळ पदार्थ. ग्लोबसमध्ये घास सरळ जातो आणि नुसती लाळ गिळताना गोळा जाणवतो. म्हणजे डॉक्टरांचा निम्मा निर्णय तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरच झाला. दुर्बिणीने घसा, जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र बघितलं, हाताने मानेतल्या गाठी आणि थायरॉइड. एवढं स्वच्छ असलं की सीटीतून सहसा काही हाती लागत नाही.

एक करून बघा. पाणी न पिता लागोपाठ पाच आवंढे गिळा. पाचवा कुणालाही जड जातो. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं, ते आवळून राहतं असं मानतात. सारखं गिळून, खाकरून ते अजून चिडतं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या.

माळावरचा, छातीत जळजळ असेल तर गोळीचा उपयोग होतो. नुसत्या ग्लोबसवर तिचा भरवसा देता येत नाही.

घास अडकू लागला, गिळताना दुखलं, वजन उतरलं, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, मानेत गाठ लागली किंवा त्रास एकाच बाजूला, कानापर्यंत जाऊ लागला, तर लगेच परत दाखवा. तंबाखू खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सायली_४२: पाच आवंढे गिळून बघितले. चौथ्यालाच गोळा आला! तंबाखू नाही, पण काकांचं डॉक्टरांना सांगायचं राहिलंच. पुन्हा जाऊन सांगते. हे किती दिवस चालतं?

घसाघशीत: काकांचं जरूर सांगा. दिवसांचं नक्की सांगता येत नाही. काहींचं काही महिन्यांत विरतं, काहींचं वर्षानुवर्षं येतं-जातं, ताण वाढला की डोकं वर काढतं.

माळावरचा: आत्ता आठवलं, माझंही बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत सुरू झालं होतं.