अनुभव धागा: देवदर्शनाच्या चपला, काढघाल आणि उन्हात तापणारा सोल

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर

परळीचे वैजनाथ, औंढ्याचे नागनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगे आणि वाटेत अंबाजोगाईची योगेश्वरी, असा प्रवास आम्ही एप्रिलअखेरीस सासूबाईंना घेऊन करणार आहोत. त्यांना कमरेतून वाकता येत नाही, त्यामुळे बक्कल लावणे शक्य नाही. दिवसातून अनेकदा चप्पल काढावी लागेल आणि दर्शन होईपर्यंत ती उन्हात पडून राहील. परतल्यावर त्यात पाय घालताना चटका बसू नये, हा माझा मुख्य प्रश्न आहे. आपण काय वापरले आणि ते कसे टिकले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सेवानिवृत्त कर्मचारी, परभणी

सोल जितका जाड तितका पाय गार, हा माझा अनुभव आहे. मी दीड-दोन इंच जाडीच्या सोलचे सँडल वापरतो आणि डांबरी रस्त्याचा ताप मला जाणवत नाही. पातळ सोलच्या चपलेत मात्र रस्ता पायाला लागतो. सासूबाईंना जाड सोलचेच घ्यावेत.

चपलांचे दुकानदार, लातूर

वरील सल्ला अर्धाच लागू पडतो. जाड सोल खालून येणारी उष्णता अडवतो, हे खरे. मात्र चप्पल मंदिराबाहेर उन्हात राहते तेव्हा ती खालून नव्हे, वरून तापते. आतल्या गादीवर थेट ऊन पडते आणि तिथे जाडीचा काहीही उपयोग होत नाही. तिथे कामाला येतो तो गादीचा रंग आणि पदार्थ. काळी गादी सर्वांत जास्त तापते, फिकट राखाडी किंवा बदामी रंगाची कमी. ईव्हीए फोमची गादी हाताला गरम लागली, तरी तिच्यात उष्णता फारशी साठत नाही, त्यामुळे सावलीत ठेवताच ती लवकर निवते. भरीव रबराची गादी तशी नसते, ती बराच वेळ तापलेली राहते. सर्वांत वाईट चटका पट्ट्यावरचे धातूचे बक्कल आणि रिव्हेट देतात, म्हणून तळपायाला किंवा पावलाच्या वरच्या भागाला धातू टेकेल अशी चप्पल घेऊ नये.

उंच सोलची दुसरी अडचण गर्दीच्या वाटेवर दिसते. तुळजापूरला देवीच्या मंदिरात पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. पायऱ्या सुरू होईपर्यंतच्या वाटेवर गर्दीत जाड, अरुंद सोल कडेवर आला की घोटा मुरगळतो. तळ रुंद असावा आणि टाचेखालची जाडी साधारण 20 मिलिमीटरच्या आत असावी, असे मी माझ्या ज्येष्ठ ग्राहकांना सांगतो.

काढघालीसाठी पावलावर एकच रुंद पट्टा असलेली, मागून उघडी चप्पल सर्वांत सोयीची. अंगठ्याची चप्पल घेऊ नका, कारण सुजलेल्या पायाची बोटे त्या खुंटीभोवती नीट बसवायला हात खाली न्यावाच लागतो. वेल्क्रो असला, तर तो सकाळी एकदा जुळवायचा आणि दिवसभर उघडायचा नाही. वारंवार उघडलेल्या वेल्क्रोत धूळ व धागे अडकून त्याची पकड जाते. चप्पल सायंकाळी घ्यावी, कारण तेव्हा पाय सुजलेला असतो. दुकानात भिंतीला एक हात टेकवून, दुसरा हात न लावता, चप्पल काढून पुन्हा घालून पाहावी. टाच मागे सरकवताना पट्टा पावलावर घट्ट अडला, तर ती चप्पल तुमच्या कामाची नाही.

गृहिणी, धाराशिव

आमच्याकडे कोजागिरीला तुळजापूरला पायी जाण्याची प्रथा आहे आणि घरातले बरेचजण अनवाणीच चालतात, त्यामुळे सोल तापण्याचा प्रश्न आम्हाला कधी आला नाही. मात्र चपला हरवण्याचा येतो. त्यासाठी एक चप्पल एका कोपऱ्यात आणि दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावी, असे माझ्या जावा सांगतात.

धागाकर्ती

ताई, आमचा प्रवास गाडीने आहे आणि ऊन एप्रिलचे, त्यामुळे प्रश्न वेगळा आहे. मात्र चपला वेगवेगळ्या ठेवल्या, तर सासूबाईंना दोन कोपऱ्यांपर्यंत तापल्या फरशीवर चालावे लागेल, ते जमणार नाही.

विज्ञान शिक्षक, नांदेड

चप्पल उन्हात ठेवताना उलटी ठेवली, म्हणजे सोल वर आणि गादी खाली, तर गादीवर ऊन पडत नाही. हे मी वारंवार करून पाहिले आहे आणि फरक स्पष्ट जाणवतो. अडचण वेगळीच आहे: उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होते, या समजुतीने जाणारा-येणारा ती सरळ करून ठेवतो! माहूरला मी दोन्ही चपला गाद्या एकमेकींना लागतील अशा जोडून, कडेवर उभ्या केल्या, तेव्हा कोणी हात लावला नाही. कापडी पिशवीत घालून सोबत नेणे सर्वांत उत्तम, जिथे तशी परवानगी असेल तिथे.

जालना, वडिलांसोबत दर्शनाला जाणारी मुलगी

माझ्या वडिलांना अनेक वर्षांचा मधुमेह असून तळपायाची संवेदना कमी झाली आहे. घृष्णेश्वरच्या दर्शनानंतर त्यांनी तापलेल्या चपला घातल्या आणि “गरम नाहीत” असे सांगितले. रात्री मोजे काढले, तेव्हा टाचेला पाण्याने भरलेला फोड होता. मात्र तो चपलेमुळे आला की दर्शनरांगेत तापल्या दगडावर अनवाणी उभे राहिल्यामुळे, हे आम्हाला कळले नाही. डॉक्टरांनी फोड न फोडण्याची आणि दर संध्याकाळी तळपाय पाहण्याची सूचना दिली. आता चप्पल घालण्यापूर्वी मी गादीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवते. मला ती तेवढा वेळ ठेवता आली नाही, तर वडील थांबतात आणि मी चपलेवर थोडे पाणी शिंपडते. दुकानदारांना विचारायचे आहे की पाण्याने चप्पल लवकर खराब होते का?

चपलांचे दुकानदार, लातूर

पाण्याने ईव्हीए किंवा रबर खराब होत नाही, मात्र ओली, गुळगुळीत गादी पायाखाली सरकते. काही मंदिरांत पाय धुऊन आत जातात आणि बाहेर येताना पाय ओले असतात, तेव्हा हाच धोका होतो. म्हणून गादीवर उठावाच्या रेघा किंवा बारीक दाणे असावेत. चामड्याची कोल्हापुरी मात्र अशी भिजवू नये, ती फुगते आणि वाळल्यावर कडक होते.

उष्णतेने जी हानी होते, ती निराळी. बंद गाडीत किंवा डिकीत ठेवलेली एकसाच्यातली ईव्हीए चप्पल आखडते आणि तिचे माप लहान होते. असे आखडलेले जोड माझ्याकडे परत येतात, ते मी बदलून देऊ शकत नाही. उलट, खाली रबराचा थर चिकटवलेली चप्पल ओल्या दगडावर चांगली पकड देते, मात्र उन्हात तिचा गोंद मऊ होऊन थर पुढच्या टोकाकडून सुटू लागतो. घेताना बोटांकडचा भाग वाकवून जोडावर नख फिरवावे. नख आत शिरले, तर तो जोड एक उन्हाळाही काढणार नाही. कडेने शिवण असलेला जोड अधिक टिकतो, पण तो वजनाला जड पडतो. सासूबाईंसाठी जड सोल घ्यावा की नाही, हे त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.

सेवानिवृत्त कर्मचारी, परभणी

माझा सल्ला रस्त्यापुरता होता, हे मान्य. तरी औंढ्याला वाहनतळापासून मंदिरापर्यंत जो डांबरी रस्ता आहे, तिथे पातळ सोलवाल्यांनी आधी एकदा चालून पाहावे!

धागाकर्ती

फिकट गादीचा, एका पट्ट्याचा, रबर शिवलेला जोड लातूरच्या मार्गदर्शनानुसार पाहते आहे. गुडघे दुखतात, त्यामुळे शिवलेल्याचे वजन त्यांना चालेल का, हे त्यांनी दुकानात पायऱ्या चढल्याशिवाय कळणार नाही. उलट्या चपलेबाबत सासूबाईंनी स्पष्ट नकार दिला आहे, त्यामुळे सोबत कापडी पिशवी असेल.