मदत हवी आहे : सम अंकी, उलटसुलट सारख्या संख्यांना ११ ने नेहमीच भाग का जातो?

सिंहगडरोडकर

मुलगी सातवीत आहे. सकाळी शाळेत सोडायला जाताना सिग्नलला थांबलो की ती मागे बसून पुढच्या गाड्यांचे नंबर वाचत असते. गेल्या आठवड्यात एका रिक्षाचा नंबर होता एमएच १२ आणि पुढे ४३३४. ही म्हणाली, "बाबा, याला अकराने भाग जातो, ३९४ वेळा." मग छंदच लागला. ७११७ दिसला, भाग गेला (६४७). २५५२ दिसला, भाग गेला (२३२). घरी येऊन वहीची दोन पानं भरली. 'चिमा काय कामाची'सारखी दोन्हीकडून सारखी वाचता येणारी चार अंकी संख्या घ्या, ११ ने भाग जातोच.

मी तिला शाळेतली कसोटी सांगितली : एक आड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या, इथे दोन्ही सारख्याच येतात, फरक शून्य, म्हणून भाग जातो. तिने विचारलं, "पण ती कसोटी तरी का चालते?" इथे मी अडलो. मी कॉमर्सवाला. तिला स्थानिक किंमत, गुणाकार, भागाकार पक्का येतो, एवढ्यावर समजेल असं कारण कुणी सांगू शकेल का? 'नियम आहे म्हणून' हे उत्तर मला तिला द्यायचं नाही.

दुचाकीवाला

नियम बरोबर वाटत नाही. परवा पौड फाट्यापाशी माझ्या गाडीचं रीडिंग ४५५५४ झालं, आवडलं म्हणून फोटोही काढला होता. आत्ता भागून पाहिलं, बाकी ३ उरते.

शनिवारपेठी

@दुचाकीवाला, ते पाच अंक झाले हो. धाग्याचं नाव पुन्हा वाचा, सम अंकी म्हटलंय.

@सिंहगडरोडकर, सोपं आहे. २७७२ घ्या. म्हणजे २७ शेकडे आणि वर ७२. शंभर म्हणजे ९९ आणि १, म्हणून २७ × ९९ बाजूला काढा, राहिले २७ + ७२ = ९९. दोन अंकी संख्या आणि तिची उलट यांची बेरीज कायम ११ च्या पटीत असते, कारण दोन्ही अंक एकदा दशकात येतात, एकदा एककात. ९९ तर ११ च्या पटीत आहेच. झालं सिद्ध. सहा अंकांनाही असंच करायचं, १००० म्हणजे ९९९ आणि १.

सिंहगडरोडकर

चार अंकांचं तिला लगेच पटलं, मनापासून आभार. पण सहा अंकांना गाडी अडली. तिने १२३३२१ घेतली. १२३ × ९९९ = १२२८७७, त्याला ११ ने भागलं तर बाकी ७. उरले १२३ + ३२१ = ४४४, त्यात बाकी ४. दोन्ही तुकडे वेगवेगळे भागले जात नाहीत, पण ७ आणि ४ मिळून ११ होतात, म्हणून अख्ख्या संख्येला भाग जातो! ती म्हणते हा योगायोग असू शकत नाही.

खडूफळा

योगायोग नाहीच. तिने बाक्या लिहून पाहिल्या, हे मला फार आवडलं. तीस वर्षं गणित शिकवलं, अशी मुलं वर्गात असली की तास कधी संपला कळायचं नाही.

शनिवारपेठींची रीत चार अंकांना अगदी बरोबर आहे. अडचण ९९९ ची. त्यात तीन नऊ आहेत. दोन नवांची जोडी, म्हणजे ९९, ११ ने जाते, तिसरा नऊ एकटा राहतो. त्यामुळे प्रत्येक वेळी अर्धी संख्या किती अंकांची ते बघून रीत बदलावी लागेल. त्यापेक्षा संख्येचे अर्धे तुकडे करूच नका, तिच्या जोड्या करा. पहिला अंक शेवटच्याशी, दुसरा शेवटून दुसऱ्याशी. २८६६८२ घेऊ :

२८६६८२ = २ × १००००१ + ८ × १००१० + ६ × ११००

तिच्याकडून हे एकेक गुणून, बेरीज करून घ्या. २००००२, ८००८० आणि ६६००. आता प्रश्न एवढाच उरला की ११, १००१, १००००१ यांना ११ ने भाग का जातो. शेवटची शून्यं सोडून द्या, ती भाग जाण्याच्या आड येत नाहीत.

प्रत्येकातून ११ वजा करायला सांगा. १००१ मधून ११ गेले की ९९०. १००००१ मधून गेले की ९९९९०. नऊ दोन-दोनच्या जोडीने आलेत, प्रत्येक जोडी ९९ ची, म्हणून ११ ने जाते. हेच १०१ ला करून बघा : ९०. आणि १०००१ ला : ९९९०. एक नऊ जोडीविना राहिला, भाग जाणार नाही. म्हणजे दोन एकांच्या मध्ये शून्यं सम असली की जमतं, विषम असली की नाही.

सम अंकी संख्येत ती नेहमी समच असतात, कारण कुठल्याही दोन जोडीदारांच्या मध्ये फक्त पूर्ण जोड्या बसलेल्या असतात. विषम अंकी संख्येत अगदी मध्ये एक एकटा अंक असतो, तो सगळा हिशोब बिघडवतो. @दुचाकीवाला, तुमच्या ४५५५४ मध्ये तेच झालं.

कसोटीचं मूळही इथेच आहे. १० हा ११ पेक्षा एकने कमी, १०० हा ९९ पेक्षा एकने जास्त, १००० हा १००१ पेक्षा एकने कमी. म्हणून अंक एक आड एक मिळवायचे आणि वजा करायचे.

दुचाकीवाला

आता समजलं. पण माझ्या मीटरवर सहा घरं आहेत, पुढे शून्य दिसतं. मग ०४५५५४ सहा अंकी धरायची का?

खडूफळा

धरा, पण मग ती उलटसुलट सारखी राहत नाही, उलटी केली की ४५५५४० होते. त्याआधी १४ किलोमीटरवर तुमच्या मीटरवर ०४५५४० होतं, ते दोन्हीकडून सारखं. ४५५४० ला ११ ने भागून बघा, ४१४० येतील. पुढचं शून्य लिहिलेलं असो वा नसो, जोड्या तशाच जुळतात.

शनिवारपेठी

माझं ९९९ चुकलं खरं. जोड्यांची रीत जास्त चांगली. त्यातून अजून एक निघतं : सम अंकी उलटसुलट सारख्या संख्यांत ११ सोडून एकही मूळ संख्या नाही. उलट दिशेने मात्र जाऊ नये. १३२ ला ११ ने भाग जातो, पण ती दोन्हीकडून सारखी नाही.

सिंहगडरोडकर

रात्री साडेदहापर्यंत बसलो. तिने १००००००१ मधून स्वतः ११ वजा केले आणि नवांच्या जोड्यांना पेन्सिलीने गोल केले : ९९, ९९, ९९ आणि शून्य. मग कसोटीचं 'का' परत विचारलंच नाही. @खडूफळा, ताई, खूप आभार.

आता तिने तीन अंकी घेतल्यात. भाग जाणाऱ्या आठच सापडल्या : १२१, २४२, ३६३, ४८४, ६१६, ७३७, ८५८, ९७९. पाचने सुरू होणारी एकही नाही. का, ते विचारतेय.

खडूफळा

कसोटी लावा. दोन्ही कडेचे अंक मिळवून मधला वजा केला की ० किंवा ११ यायला हवेत. कडेला पाच असतील तर बेरीज १०. मधला अंक १० असू शकत नाही आणि १० मधून काही वजा करून ११ होत नाहीत. पण पाच अंकांत पाचची अडचण राहत नाही, ५०१०५ भागून बघा.

सिंहगडरोडकर

४५५५, भाग गेला. आता पाच अंकी अशा एकूण किती, ते ती मोजतेय. १०१०१ पासून सुरुवात केली होती, त्याला जात नाही. सध्या दोनने सुरू होणाऱ्यांवर आहे. न मोजता आकडा काढायची रीत कुणाला माहीत असेल तर लिहा, पण दोन दिवसांनी. आधी तिला तिच्या पद्धतीने मोजू दे.