प्रोप्रायटरशिपची प्रायव्हेट लिमिटेड झाली, नोटिसा मात्र जुन्याच नावाने – उत्तर कोणी द्यायचं?

पत्राकाम
नमस्कार मंडळी. माझं शीट मेटलचं जॉबवर्क आहे. बरीच वर्षं प्रोप्रायटरशिप होती. १ नोव्हेंबर २०२३ पासून सगळा धंदा, देण्याघेण्यासकट, नव्या प्रायव्हेट लिमिटेडला दिला. त्यात माझे ६० टक्के शेअर, मेहुण्याचे ४०. जुन्या जीएसटी नंबरवरचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ भरून कंपनीकडे आणलं, डिसेंबरअखेर जुनी नोंदणी रद्द केली, जीएसटीआर-१० पण भरला. मला वाटलं, विषय संपला.

आता दोन नोटिसा हातात आहेत. पहिली जीएसटीची डीआरसी-०१, म्हणजे करमागणीची नोटीस, आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी. वर जुन्या फर्मचं नाव आणि जुना नंबर. पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या २बी मध्ये दिसतं त्यापेक्षा ३,६०,००० रुपयांचं क्रेडिट जास्त घेतलं असं म्हणणं आहे. त्याआधी तफावतीचा खुलासा मागणारी एएसएमटी-१० पण पाठवली होती म्हणे, ती आम्हाला दिसलीच नाही.

दुसरी इन्कम टॅक्सची, माझ्या वैयक्तिक पॅनवर, कलम १३९(९) खाली. माझ्या २०२३-२४ च्या रिटर्नमध्ये ४२,००० टीडीएस मागितलाय, पण त्यामागची ४२ लाखांची जमा दाखवलेली नाही, म्हणून रिटर्न सदोष. आता ही ४२ लाखांची बिलं नोव्हेंबरनंतरची, कंपनीची. एका मोठ्या गिऱ्हाइकाने टीडीएस मात्र माझ्या पॅनवर कापलाय.

दोन्हीला कंपनीच्या लेटरहेडवर "सदर फर्म आता अस्तित्वात नाही" असं कळवलं तर चालेल का? की कोणी चांगला वकील सुचवाल?

कलमबहाद्दर
वकिलाचे पैसे वाचवा. जी संस्था अस्तित्वातच नाही तिच्या नावाने काढलेली नोटीस मुळातच रद्दबातल असते. २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा मारुती सुझुकीचा निकाल वाचा. तेवढा एक परिच्छेद लिहून पाठवा आणि मोकळे व्हा.

वहीखाते
कलमबहाद्दर, निकाल बरोबर आहे, पण तो इथे लागू पडत नाही. तिथे एक कंपनी दुसरीत विलीन होऊन संपली होती, तिच्या नावाने आकारणी केली म्हणून ती टिकली नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये संपायला काही नसतंच. फर्मचं नाव म्हणजे दुकानावरची पाटी. जीएसटी नंबर काढून बघा, तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पत्राकाम यांचाच पॅन आहे. पाटी उतरवली तरी माणूस आहे, पॅन आहे, म्हणून नोटीस बरोबर माणसाला आली आहे.

पत्राकाम, "फर्म अस्तित्वात नाही" हे वाक्य लिहून देऊ नका. अधिकारी ते उत्तर न आल्यासारखंच धरेल, डीआरसी-०७, म्हणजे मागणीचा आदेश, काढेल आणि मग दहा टक्के भरून अपिलात जाण्यावाचून रस्ता राहणार नाही. नोंदणी रद्द झाल्याने आधीच्या काळाची जबाबदारी जात नाही, हे कलम २९(३) मध्ये स्पष्ट आहे. उलट कलम ८५ प्रमाणे धंदा देणारा आणि घेणारा दोघेही त्या तारखेपर्यंतच्या कराला जबाबदार, मग मागणी नंतर ठरली तरी.

अशा वेळी नोटिशीवरचं नाव बाजूला ठेवून मी दोनच गोष्टी बघते: पॅन कोणाचा आणि काळ कुठला. तुमची पहिली नोटीस हस्तांतरणाआधीच्या काळाची आहे, ती तुमची. दुसरीत पॅन तुमचा आहे पण उत्पन्न नंतरच्या काळाचं, म्हणजे कंपनीचं. दोन्हींची उत्तरं अगदी वेगळी जातील.

दुकानदार_धाकटा
आमच्याकडे पण असंच चाललंय. वडील गेल्यावर दुकान मी चालवतोय आणि नोटिसा अजून त्यांच्या नावाने येतात. मी पण कंपनी काढली तर थांबतील का?

वहीखाते
नाही थांबणार. तुमचं प्रकरण वारसाचं आहे, त्याची कलमं वेगळी. कृपया वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

पत्राकाम
ताई, मनापासून आभार. मग डीआरसी-०१ चं उत्तर नक्की कसं द्यायचं? जुना नंबर तर रद्द आहे.

वहीखाते
रद्द नंबरचं लॉगिन चालू राहतं. जुन्याच यूजरनेमने आत जा. Services मध्ये User Services खाली दोन जागा असतात: "View Notices and Orders" आणि "View Additional Notices/Orders". बहुतेक जण पहिलीच उघडतात. एएसएमटी-१०, डीआरसी-०१ हे दुसरीत येऊन बसतात. तुमची एएसएमटी-१० तिथेच सापडेल. "मला दिसली नाही" हा बचाव नेहमी चालतो असं धरू नका, पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरतात. आणि नोंदणीत ईमेल-मोबाइल कोणाचा आहे तो बघा.

पत्राकाम
उघडलं. दोन्ही आहेत. ईमेल आधीच्या अकाउंटंटचा निघाला, तो काम सोडून दोन वर्षं झाली.

वहीखाते
बहुतेक फायलींत हेच निघतं. तो बदलायचा असेल तर तुमच्या कार्यक्षेत्राच्या अधिकाऱ्याला अर्ज द्या, ईमेल-मोबाइल त्यांच्या बाजूने बदलता येतो. आता ३,६०,००० कशाचे ते महिनावार काढा. ३बी एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला.

पत्राकाम
काल रात्री बसून काढलं. २,७०,००० ही मार्च २०२२ ची बिलं. ती मार्चच्या २बी मध्ये आलेली, पण क्रेडिट आम्ही एप्रिल २०२२ च्या ३बी मध्ये घेतलं. उरलेले ९०,००० एका पुरवठादाराचे, त्याने जीएसटीआर-१ भरलाच नाही. आता फोनही उचलत नाही.

वहीखाते
मग निम्म्याहून जास्त मागणी कागदावरच उडते. २,७०,००० साठी आधीच्या वर्षाचा मार्चचा २बी, एप्रिलचा ३बी आणि बिलांची यादी जोडा. ते क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२२ च्या मुदतीत घेतलंय, म्हणून वैध आहे. फक्त दोन वर्षांच्या सीमेवर पडल्यामुळे २०२२-२३ ची बेरीज जुळत नाही, हे एका ओळीत सांगा.

९०,००० मात्र सांभाळता येणार नाहीत. जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये नसलेलं क्रेडिट मिळत नाही. नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत कर आणि व्याज भरलं तर कलम ७३ मध्ये दंड लागत नाही. व्याज १८ टक्क्यांनी, तेही क्रेडिट प्रत्यक्ष वापरलं असेल तेव्हापासून. त्या काळात लेजरमध्ये शिल्लक कायम त्याहून जास्त होती का ते बघा, असेल तर व्याजावर बोलता येतं.

भरणा डीआरसी-०३ ने, जुन्याच नंबरवर. आणि रोखीत. कारण तुमचं क्रेडिट आयटीसी-०२ ने कंपनीकडे गेलं, जुनं लेजर रिकामं आहे, आणि कंपनीच्या लेजरमधून तुमच्या नंबरची मागणी फेडता येत नाही. उत्तर डीआरसी-०६ मध्ये, सही तुमची, "प्रोप्रायटर" म्हणून. कंपनीचं लेटरहेड नको.

खरेदीखाते
टीडीएसच्या बाजूने थोडं सांगतो, मी एका कारखान्यात खरेदी विभागात असतो. तुमचं गिऱ्हाईक मुद्दाम काही करत नसणार. आमच्याकडे प्रत्येक पुरवठादाराचा कोड असतो आणि त्या कोडला पॅन चिकटलेला असतो. तुम्ही नवं बिल नव्या जीएसटी नंबरने दिलंत, पण चालू पर्चेस ऑर्डर जुन्या कोडवर असेल तर बिल जुन्या कोडवरच चढतं. टीडीएस मग आपोआप जुन्या पॅनवर. पत्र पाठवून भागत नाही. नवा कोड उघडायला लावा आणि जुन्या ऑर्डरी बंद करून नव्या काढून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षीही हेच होईल.

पत्राकाम
अगदी हेच झालंय! ऑर्डर सप्टेंबर २०२३ ची आहे. पण त्यांच्या अकाउंट्सला मागच्या वर्षाचं टीडीएस रिटर्न दुरुस्त करा म्हटलं तर टाळाटाळ चालू आहे.

वहीखाते
टाळाटाळीचं कारण आहे. कलम १९४सी मध्ये वैयक्तिक पॅनला १ टक्का, कंपनीला २. त्यांनी ४२ लाखांवर ४२,००० कापले. पॅन कंपनीचा केला की कापायला हवे होते ८४,००० असं टीडीएसचं पोर्टल ट्रेसेस दाखवणार, आणि ४२,००० कमी कापल्याची मागणी व्याजासकट त्यांच्यावर निघणार. कंपनीने ते उत्पन्न दाखवून कर भरला असेल तर सीएचं प्रमाणपत्र लावून फॉर्म २६ए भरता येतो, मग मूळ रक्कम सुटते, थोडं व्याज राहतं. ते व्याज तुम्ही देऊ म्हणालात तर अकाउंट्सवाले ऐकतात, असा माझा अनुभव.

१३९(९) साठी पंधराच दिवस असतात, तेव्हा त्यांची वाट बघू नका. तुमच्या रिटर्नमध्ये ते ४२,००० आधीच भरून आले असणार. उत्तरात सुधारित रिटर्न देताना टीडीएसच्या तक्त्यात ती रक्कम नियम ३७बीए(२) खाली दुसऱ्या व्यक्तीची, म्हणजे कंपनीच्या पॅनची, म्हणून दाखवा. स्वतःकडे शून्य. इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या एआयएसमध्येही त्या नोंदीवर "Information relates to other PAN/Year" हा प्रतिसाद द्या. केवळ नोटीस मिटावी म्हणून ४२ लाख स्वतःच्या उत्पन्नात धरू नका, तेच उत्पन्न कंपनीतही आहे.

कलमबहाद्दर
म्हणजे या दुसऱ्या बाबतीत मी बरोबर होतो. उत्पन्न त्यांचं नाहीच.

वहीखाते
उत्पन्न त्यांचं नाही हे बरोबर. नोटीस रद्दबातल हे चूक. टीडीएसचा दावा त्यांच्याच रिटर्नमध्ये आहे, उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

सहीशिक्का
मीही सीए आहे. वहीखाते यांच्याशी ९५ टक्के सहमत. एवढंच की गिऱ्हाइकाने रिटर्न दुरुस्त केल्याशिवाय कंपनीला ते क्रेडिट मिळेलच याची खात्री देऊ नका. कंपनीच्या आयटीआर-६ मध्ये नियम ३७बीए(२) खाली दाखवता येतं, पण मी अशा दोन फायली पाहिल्या, एकीत मिळालं आणि दुसरीत जुळत नाही म्हणून कापलं. नियमाप्रमाणे कापणाऱ्याला लेखी निवेदन देऊन त्याने त्याच्या टीडीएस विवरणात कंपनीचा पॅन द्यायला हवा. तेव्हा पाठपुरावा सोडू नका.

पत्राकाम
सुधारित रिटर्न आज भरतोय. एक शेवटचं. ते ९०,००० आणि व्याज भरायचं कोणी? मेहुणा म्हणतो, ताळेबंदात ही देणी नव्हतीच, कंपनीच्या खात्यातून एक रुपया जाणार नाही. जुनं तू बघ.

वहीखाते
सरकारपुढे दोघेही बांधील. आपसात कोणी सोसायचं ते हस्तांतरणाच्या करारात काय लिहिलंय त्यावर. करारात "पुढे उद्भवणारी देणी" असे शब्द आहेत का?

पत्राकाम
"३१ ऑक्टोबर २०२३ च्या ताळेबंदाप्रमाणे सर्व मालमत्ता व देणी." एवढंच.

सहीशिक्का
मग मेहुण्यांच्या म्हणण्यात दम आहे. पण कॅपिटल गेन वाचवायला तुम्ही कलम ४७(xiv) धरलं असणार. त्यात धंद्याची सगळी देणी कंपनीकडे जाणं ही अट आहे. ठरावीक देणी मागे ठेवली असं चित्र उभं राहिलं तर ती अट पाळली का, हा प्रश्न कोणीतरी विचारेल.

वहीखाते
मला ते ताणलेलं वाटतं. हस्तांतरणाच्या दिवशी ही मागणी नव्हतीच.

सहीशिक्का
मागणी नव्हती, पण चुकीचं क्रेडिट घेतलेलं होतं. कर तेव्हाच देय झाला होता. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

खरेदीखाते
पत्राकाम, हा वाद चालू द्या, पण तीस दिवस सरण्याआधी पैसे स्वतःच्या बँकेतून भरून टाका. मेहुण्याशी हिशेब नंतर होईल, दंड मात्र लगेच लागेल.

पत्राकाम
सोमवारी भरतो. कराराला पुरवणी जोडायची का, ते सीए आणि मेहुणा दोघांना एकत्र बसवून विचारतो. गिऱ्हाइकाकडे नव्या कोडचा अर्ज गेला आहे, अजून पोच आलेली नाही.